आडनाव झाकलेला अर्ज

लंडनला आल्यावर दुसऱ्या वर्षी ऑफिसात एका जागेसाठी अर्ज छाननीच्या पॅनेलवर बसलो. समोर वीस-बावीस अर्ज आले. एकावरही नाव नाही, फक्त क्रमांक. वय, पत्ता, कॉलेजचं नावही काढलेलं. उरलेली मोजक्या शब्दांतली उत्तरं वाचायची, ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे आणि आपले गुण टाकल्यावरच दुसऱ्या परीक्षकाचे बघायचे. नावं कळतात ती मुलाखतीची यादी लागल्यावर.

असं का? २००९ साली इथल्या सरकारनेच एक चाचणी प्रसिद्ध केली होती. पात्रता, अनुभव सारखाच दाखवून फक्त नावं बदललेले अर्ज पाठवले. गोऱ्या इंग्रजी नावाला एक होकारार्थी उत्तर यायला सरासरी ९ अर्ज लागले, आफ्रिकी किंवा आशियाई वाटणाऱ्या नावांना १६. २०१५ मध्ये सिव्हिल सर्व्हिसने नावं झाकायचं जाहीर केलं.

मला वाटायचं, ही सोय माझ्यासारख्यांसाठी, गोऱ्यांच्या नजरेपासून. मग लक्षात आलं, इथल्या सहकाऱ्याला कुलकर्णी काय नि कांबळे काय, दोन्ही नुसते भारतीय. त्या आडनावांतला फरक त्या खोलीत एकट्या मला वाचता येत होता. आपल्याकडे ‘पूर्ण नाव काय?’ म्हणून विचारतात, त्यावर नुसतं नाव सांगितलं की ‘आडनाव?’ आणि आडनावावरून कळलं नाही की ‘मूळ गाव कुठलं?’ हे मीही करत आलोय, अगदी सहज. शिवाय अंदाज चुकतोच: पवार, जाधव, गायकवाड मराठा असतील, बौद्ध असतील. भारतात खासगी कंपन्यांना असेच जोडअर्ज पाठवून थोरात आणि अटवेल या अभ्यासकांनी २००७ मध्ये दाखवलं होतं, की पात्रता सारखी असूनही दलित आडनावाला बोलावणं कमी येतं.

झाकूनही गळती होतेच. एका उत्तरात उमेदवाराने ‘आमच्या गुरुद्वारातल्या लंगरचा हिशेब मी सांभाळतो’ असं लिहिलं होतं. उदाहरण उत्तम, पण समाज उघड झाला. मी गुण दिले आणि मग ते वाक्य सोडून पुन्हा वाचून पाहिलं. गुण तेच राहिले, म्हणून पुढे गेलो.

फ्रान्समधला अनुभव मात्र उलटा. तिथे एका प्रयोगासाठी स्वतःहून पुढे आलेल्या कंपन्यांत नावं झाकली, तर स्थलांतरित कुटुंबांतल्या उमेदवारांना मुलाखती उलट कमी मिळाल्या. अभ्यासकांचा एक अंदाज असा, की नाव दिसत असताना नोकरीतला खंड किंवा कच्ची भाषा परिस्थितीमुळे असेल, असं समजून घेतलं जायचं. नाव गेलं, तशी ती सवलतही गेली. आधीच भेदभाव न करणाऱ्यांनीच भाग घेतला असेल, हीसुद्धा शक्यता आहेच.

आमच्या यादीत शेवटी पाच जण आले. नावं उघडली, त्यात एक मराठी आडनाव निघालं. मुलाखतीला त्या उमेदवाराने आधी मला विचारलं, “तुम्ही मूळचे कुठले?”

“लंडनचाच म्हणा,” मी म्हणालो.