मुलीचा भरतनाट्यमचा केंप सेट आणि घाम – माझा अनुभव

लेकीचं अरंगेत्रम, म्हणजे तिचा एकटीचा पहिला पूर्ण प्रोग्रॅम, ठरलं तेव्हा दागिन्यांचा प्रश्न आला. भाड्याने घ्यायचे नव्हते कारण अरंगेत्रमच्या आधी आणि नंतरही तिचे प्रोग्रॅम असणारच होते, मग क्लासमधल्या एका सिनियर मुलीने लग्नानंतर नाच सोडला तिचा अख्खा सेट आम्ही घेतला. लाल-हिरवे केंप खडे, खाली बारीक मोती, कमरपट्टा, दंडात घालायची वंकी, हेड सेट, चंद्र-सूर्य, झुमके, सगळं. खरी टेम्पल ज्वेलरी म्हणजे नागरकोईलकडची, चांदीवर सोन्याचा पत्रा बसवून केलेली, त्याला जीआय टॅगही आहे, आपल्या बजेटमधली नाही ती. आमचा सेट इमिटेशन, तांब्या-पितळेवर सोनेरी प्लेटिंग आणि काचेचे खडे. दिसायला स्टेजवर तितकाच भारी. पण ठाण्यातला दमटपणा, दोन तास नाच आणि वर लाइटची गरमी, यातून तो टिकवायचा कसा ते शिकत गेले, ते इथे लिहितेय.

आधी हे समजून घ्या की केंप खडा चमकतो तो एकट्या काचेमुळे नाही. खड्याच्या मागे कोंदणात चकचकीत फॉईल असते, तिच्यावरून लाइट परत येतो म्हणून खडा पेटल्यासारखा दिसतो. कोंदण मागून बंद असतं आणि खडा गोंदाने किंवा कडेच्या पातळ पत्र्याने धरलेला असतो. आता यात घाम किंवा पाणी एकदा आत गेलं की बाहेर यायला वाटच नसते, फॉईल काळी पडते आणि खडा वरून कितीही पुसा, मेलेलाच दिसतो. म्हणून यूट्यूबवर रिठ्याच्या पाण्यात भिजवा, टूथपेस्टने घासा असं जे सांगतात ते या दागिन्यांना अजिबात करू नका. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, प्लेटिंग इतकं पातळ की चारदा घासलं की खालचं पितळ दिसायला लागतं.

सेट घरी आल्यावर ताईंनी (आमच्या डान्स टीचर) पहिली गोष्ट सांगितली, एकेक दागिना कानाजवळ धरून हळू हलव. सैल खडा बारीक खुळखुळतो. मग दाताच्या काडीने प्रत्येक खड्याच्या कडेवर हलकं दाबून बघायचं, डुगडुगला तर मार्करने मागे ठिपका. आणि शेवटी एक मऊ सुती दोरा दागिन्यावरून ओढायचा, जिथे अडकेल तिथे पत्र्याची कड वर आलीय, ती साडीत किंवा केसात अडकून खडा काढणार हे नक्की समजा. यातच खड्याचा रंगही बघून घ्यायचा. कडेने काळी रेघ दिसत असेल तर आत ओल गेलीय, पूर्ण काळवंडला असेल तर फॉईल बदलल्याशिवाय इलाज नाही. आमच्यात कमरपट्टा बरा निघाला, वंकीची हालत वाईट होती.

वंकीच का ते नंतर कळलं. कमरपट्टा कॉस्च्यूमवरून बांधतात, अंगाला थेट लागत नाही. वंकी उघड्या दंडावर, त्यात ती चढवताना सगळे दोन्ही टोकं धरून फाकवतात, पत्रा वाकतो पण काच थोडीच वाकणार, आणि जुना गोंद तर कडक झालेला असतो, मग खडा सुटतो. आता आम्ही वंकी फाकवतच नाही, कोपराच्या वर हात जिथे बारीक असतो तिथून आडवी सरकवायची आणि वर नेऊन फिरवायची. कमरपट्ट्याचंही तसंच, गुडघे वाकवून अरैमंडीत बसलं की पोट पुढे येतं आणि पट्टा मधल्या जोडावर वाकतो, म्हणून घट्ट आवळायचा नाही, दोन बोटं आत गेली पाहिजेत, आणि घालून एकदा पूर्ण खाली बसून बघायचं.

आता वंकीच्या मधल्या मोठ्या लाल खड्याचं सांगते कारण तेच सगळ्यात शिकवणारं होतं. खडा हातात आला, पाठ नुसती काच, कोंदणात पिवळा पडलेला जुना गोंद आणि काळी फॉईल. इन्स्टंट ग्लू वापरायचा नाही असं ताईंनी बजावलं होतं. त्याची वाफ शेजारच्या खड्यांवर पांढरट धुकं सोडते आणि तो सुकल्यावर ठिसूळ होतो, वंकी जरा वाकली की परत टप्प. मी दोन ट्यूबवालं इपॉक्सी आणलं, रेझिन आणि हार्डनर, आणि पाच मिनिटांत सेट होणारं नाही तर हळू सुकणारं, ते घामाला जास्त टिकतं.

कोंदण सुईने खरवडलं, जुना गोंद पूर्ण काढला. थोडाजरी राहिला तरी खडा तिरका बसतो. थिनर किंवा नेलपेंट रिमूव्हर वापरला नाही, तो प्लेटिंगवरचं पारदर्शक लॅकर उडवतो. मग चॉकलेटची सोनेरी फॉईल नखाने घासून गुळगुळीत केली, खड्यापेक्षा जराशी लहान कापली. इथे एक बारकावा आहे. गोंद फॉईल आणि खड्याच्या मध्ये गेला तर बुडबुडे दिसतात, म्हणून फॉईलच्या खाली गोंद, फॉईलची चमकदार बाजू वर, आणि खड्याला फक्त कडेने काडीच्या टोकाएवढा. दोन्ही ट्यूबमधून सारखे थेंब प्लास्टिकच्या झाकणावर घेऊन निदान मिनिटभर तरी नीट ढवळायचे, कमीजास्त झालं किंवा नीट मिसळलं नाही तर तो कायम चिकटच राहतो. खडा उचलायला काडीच्या टोकाला चिमूटभर मेण लावलं. खडा दाबल्यावर बाहेर आलेला गोंद लगेच कोरड्या काडीने काढायचा. वंकी वाटीभर तांदळात खोचून ठेवली, खडा अगदी सपाट राहील अशी, नाहीतर गोंद सुकेपर्यंत खडा हळूहळू घसरतो. झाकणावर उरलेला गोंद फेकला नाही, त्याच्यावर नख टोचून बघायचं, नखाची खूण उमटत नाही म्हणजे आतलाही सुकला. तरी मी 24 तास हात लावला नाही.

एक हिरवा खडा तर हरवलेलाच होता. असे सुटे खडे मुंबईत भुलेश्वरला मिळतात, पुण्यात रविवार पेठेत. जाताना दागिना सोबत न्यायचा, मापाचा अंदाज घेऊन जाल तर फसाल, मिलिमीटरचा फरकही कोंदणात कळतो. आणि हिरव्यात इतक्या छटा असतात की दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखा वाटलेला खडा दाराशी उजेडात वेगळाच निघतो. दुकानदार काका म्हणाले, "ताई, एकसारखे दोन घेऊन शेजारचापण बदला, जुन्यात नवा एकटा चमकतो." खरंय ते.

आता घाम. घामात मीठ असतं आणि तो थोडा आम्लही असतो. सोनेरी प्लेटिंगला बारीक बारीक छिद्रं असतात, तिथून घाम खालच्या तांब्यापर्यंत पोचतो आणि हिरवट डाग सुरू होतात, म्हणून डाग नेहमी पाठीमागून, अंगाला लागणाऱ्या बाजूने चालू होतात. तर मी काय करते, दागिन्याच्या पाठीला बिनरंगाच्या नेलपेंटचे दोन पातळ थर, एक सुकल्यावर दुसरा, फक्त धातूवर. खड्यांवर आणि मोत्यांवर नाही, तिथे पापडी धरते. हा थर काही कायमचा नाही, घासून जातो, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी बघायचं, उडाला असेल तिथेच परत लावायचा. वंकी आणि गळ्यातल्या हाराच्या मागे मायक्रोपोर टेपपण चिकटवते, ती घाम शोषते. पण ती त्याच रात्री काढायची, ओली टेप दागिन्याला तशीच राहिली तर उलट जास्त नुकसान, मीठ तिथेच मुरतं.

मेकअपचा क्रम महत्त्वाचा. पावडर, परफ्यूम, हेअर स्प्रे सगळं आधी, ते पूर्ण सुकू द्यायचं, दागिने शेवटी. परफ्यूममधल्या अल्कोहोलने लॅकर जातं, मोत्यांचा वरचा मुलामाही सोलतो. हेड सेट मात्र केसांना स्प्रे मारून झाल्यावरच, घातल्यावर वरून परत फुसफुस नाही. मेकअपवाल्या ताईंना हे दर वेळी सांगावं लागतं आणि त्या दर वेळी मान डोलावून परत बाटली हातात घेतात, असो.

प्रोग्रॅम संपल्यावर फोटो, नातेवाईक, जेवण यात दागिने तसेच अंगावर राहतात, तिथे मी आता खडूस झालेय. फोटो झाले की ग्रीनरूममध्येच उतरवायचे, मलमलच्या कोरड्या कपड्याने टिपायचे. घासायचं नाही, टिपायचंच. पावडर आणि घामाचा लगदा कोंदणाच्या कडेला बसला असेल तर कपड्याचं टोक जरासं ओलं करून घट्ट पिळून तेवढंच, लगेच कोरडं. घरी आल्यावर टॉवेलवर पालथे पसरून रात्रभर पंख्याखाली. डब्यात लगेच भरले तर तिथेच वाफ धरते. उन्हात किंवा बंद गाडीतही ठेवायचे नाहीत, गोंद मऊ पडतो. हाराच्या मागचा दोरा घामाने कडक झाला की बदलून टाकते, तो मानेला चिकटून धातूला ओलच देत राहतो.

ठेवताना प्रत्येक वस्तू बटर पेपरमध्ये गुंडाळून वेगळ्या झिप पाउचमध्ये, हवा दाबून काढून, सोबत सिलिका जेलची पुडी. कापूस नाही घालायचा, तो पावसाळ्यात ओल धरतो. रबर बँडपण नाही, रबरातल्या गंधकाने धातू काळा पडतो, आणि डान्सवाल्या मुलींच्या पिशवीत रबर बँड तर हमखास असतात, तेव्हा त्यांचा डबाच वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये प्रोग्रॅम नसले तरी सगळं उघडून हवा लावते आणि पुड्या बदलते.

पॉलिशबद्दल विचारतात बऱ्याच जणी. प्लेटिंग उडालं की पॉलिशवाल्याकडे द्यायचं असं सगळ्यांना वाटतं, पण तिथे दागिना आधी साफ करायच्या रसायनात आणि मग प्लेटिंगच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे फॉईल काळी आणि गोंद सैल. चारी बाजूंनी धातूच्या नखांनी धरलेल्या, मागे मोकळ्या अमेरिकन डायमंडला ते चालतं. केंपला सगळे खडे काढून मगच, आणि ती मजुरी नव्या वंकीच्या किमतीच्या आसपास जाते. म्हणून आमच्या वंकीची आतली बाजू हिरवट झालीय ती तशीच आहे, वर नेलपेंट मारून वापरतोय. पुढून दिसत नाही, आणि लेकीच्या दंडाला खाज-लाली काही नाही. तशी आली असती तर मात्र ती वंकी बादच केली असती.