इतिवृत्ताच्या पहिल्या पानावरची शब्दसूची

पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाच्या विशेष सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. ३८ पानं, ११ ठराव. मसुदा सभासदांकडे गेला तेव्हा कोणाचीच तक्रार नव्हती. विकासकाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलांनी वाचला आणि सकाळी अकराला फोन आला: "ठराव सहामध्ये पीएमसी म्हणजे नक्की कोण?"

ठराव असा होता: "पीएमसीची मंजुरी मिळाल्यावर विकासकाने कॉर्पसचा दुसरा हप्ता द्यावा." कॉर्पस म्हणजे विकासकाने द्यायची ठोक रक्कम. पुण्यात पीएमसी म्हणजे महापालिका. पुनर्विकासात पीएमसी म्हणजे संस्थेने नेमलेला प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. एका अर्थाने हप्ता नकाशे मंजूर झाल्यावर मिळणार, दुसऱ्या अर्थाने सल्लागाराच्या सहीवर. सभेत बसलेल्यांना शंका आली नाही, कारण संदर्भ त्यांच्या कानावर होता. बाहेरच्या वाचकाच्या हातात फक्त कागद असतो.

शब्दसूची करायचं ठरलं. पण संमत झालेल्या ठरावाची भाषा लेखनिकाला बदलता येत नाही. त्यामुळे 'पीएमसी' खोडून 'महापालिका' लिहिणं बाद. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयानुसार अशा सभेचं चित्रीकरण होतं, ते लावलं. ठराव मांडताना अध्यक्ष स्पष्ट म्हणाले होते, "महापालिकेची मंजुरी, आपल्या सल्लागारांची नाही." मग नोंद अशी झाली:

"पीएमसी: (अ) ठराव ६ मध्ये पुणे महानगरपालिका, आधार: सभेचे चित्रीकरण, ठराव ६ वरील अध्यक्षांचे निवेदन. (आ) इतर सर्व ठिकाणी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. आधार: ठराव २ मधील नेमणूक."

एका लघुरूपाला दोन अर्थ देणं दिसायला वाईट, पण प्रामाणिक. एकच अर्थ छापला असता तर यादी नीटनेटकी झाली असती आणि ठराव चुकला असता. 'सीसी'चंही तेच: बांधकामवाल्यांना ते बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, बँकेत मात्र कॅश क्रेडिट. तिथे एक ओळ पुरली.

खरी अडचण लघुरूपांत नव्हती. नेहमीच्या वाटणाऱ्या शब्दांत होती. 'कार्पेट' घ्या, म्हणजे घराचं आतलं क्षेत्र. ठराव आठ सांगतो की प्रत्येकाला "सध्याच्या कार्पेटवर २५ टक्के जादा". सर्व्हेअरने जुनं क्षेत्र खोलीतल्या खोलीत, भिंत ते भिंत मोजलं होतं. आतल्या भिंतींची जाडी धरली नव्हती. रेरा या स्थावर संपदा कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंतींखालची जागा कार्पेटमध्ये येते, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाहीत. आता ५८० चौरस फुटांचं जुनं घर धरा. २५ टक्के जादा म्हणजे ७२५. नवं घर रेराच्या मापाने ७२५ दिलं आणि आतल्या भिंती ५० फूट लांब, प्लास्टर धरून ५ इंच जाड असल्या, तर सुमारे २१ चौरस फूट भिंतींखाली जातात. पाय ठेवायला उरतात ७०४.

इथे मोह होतो की शब्दसूचीत 'कार्पेट: रेरानुसार' लिहून मोकळं व्हावं. सचिवांचा आग्रह तोच होता. वकिलांनाही ते आवडलं असतं. पण ती व्याख्या सभेने ठरवलेलीच नव्हती. चित्रीकरणात दोन सभासदांनी विचारलंय, उत्तर कोणी दिलेलं नाही. सूचीतून ती घातली असती तर प्रत्येक सभासदाची काही फूट जागा सभेबाहेर ठरली असती. म्हणून नोंद केली: "कार्पेट: सभेत व्याख्या ठरली नाही. जुने क्षेत्र सर्व्हे अहवालातील पद्धतीने. नव्या क्षेत्राची पद्धत ठराव ८ मध्ये नमूद नाही." बँकेला हे रुचलं नाही. समितीला पुढच्या सभेत स्वतंत्र ठराव घ्यावा लागला, आणि हा प्रश्न सोडवायची योग्य जागा तीच होती.

त्यातून कामाची रीत बसली. सूची छापायची सुरुवातीला, पण करायची शेवटी, मजकूर पूर्ण झाल्यावर. नुसत्या लघुरूपांचा विस्तार एका भागात. व्याख्या असलेले शब्द दुसऱ्यात, प्रत्येकापुढे आधार, म्हणजे कायदा, निविदेचं कलम किंवा ठराव क्रमांक. आधार सापडत नाही तो शब्द 'व्याख्या ठरली नाही' असाच जातो. काळाप्रमाणे बदलणाऱ्या शब्दांना हद्द लागते: ठराव ५ पर्यंत निवडलेला बिल्डर 'निविदाकार क्र. ३' आहे, निवडीनंतरच 'विकासक'. 'सभासद' आणि '(समिती) सदस्य' यांची सरमिसळ तर जवळजवळ प्रत्येक मसुद्यात सापडते, आणि मतं मोजताना ती महागात पडते.

या इतिवृत्तात सूची १७ नोंदींची, सव्वा पानाची झाली. एकदाच आलेलं लघुरूप सूचीत घेतलं नाही. ठरावाबाहेरच्या मजकुरात ते पूर्णच लिहिलं. सूचीच्या डोक्यावर एक ओळ टाकली: "वाचकांच्या सोयीसाठी, ठरावांचे मूळ शब्दच ग्राह्य." मसुद्यावर हरकती मागवताना सूचीही सोबत फिरवली. पहिली हरकत 'कॉर्पस'वर आली: त्यात भाडं धरलंय की नाही?