पावणेनऊ हजारांचं ऑटोमॅटिक

बँकेत नुकताच लागलेला मुलगा परवा दोन नवी घड्याळं घेऊन दुकानात आला. ऑनलाइन मागवलेली, नापसंत पडलं तर परत पाठवायची मुदत अजून शिल्लक. एक साडेपाच हजारांचं सेलचं, आत मियोताचं २०३५ मशीन. दुसरं पावणेनऊ हजारांचं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, आत सेइकोचं एनएच३५. नऊ हजारांच्या वर जायचं नव्हतं. "काका, ठेवू कुठलं?"

अशा वेळी बहुतेक दुकानदार विचारतात, "आवडतं कुठलं?" मी विचारलं, "शनिवार-रविवार हातात घालणार का?" नाही म्हणाला. मग हिशेब सरळ आहे. एनएच३५ पूर्ण चावी भरलेली असेल तर ४१ तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलं की रविवारी दुपारी बाराच्या सुमारास थांबणार. खुर्चीत बसून काम करणाऱ्याच्या हाताला हालचाल कमी, त्यामुळे चावी पूर्ण भरलेली असेलच असं नाही. मग त्याआधीच थांबेल. म्हणजे दर सोमवारी वीस-पंचवीस फेरे चावी द्यायची, वेळ लावायची, तारीख लावायची.

यातली तारीखच लोकांना नडते. काटे रात्री नऊ ते पहाटेच्या दरम्यान असताना तारखेचं चाक आतल्या दात्यांत अडकलेलं असतं. तेव्हा चावीच्या बटणाने तारीख फिरवली तर दाता तुटू शकतो. थांबलेलं घड्याळ दिवसाचं की रात्रीचं हे डायलवरून कळत नाही, म्हणून आधी काटे सहावर आणायचे, तारीख कालची लावायची, मग तारीख उलटेपर्यंत काटे पुढे नेत आजच्या वेळेवर यायचं. हे माहितीपत्रकात छापलेलं असतं. वाचतो कोण?

मग ऑटोमॅटिक पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर ठेवलं. त्यासाठी पाठ उघडावी लागत नाही. माइक टिकटिक ऐकतो. डायल वर असताना दिवसाला २१ सेकंद पुढे, अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सच्या चाकाचा झोका, २७० अंश. बटण खाली करून उभं धरलं, जरा स्थिरावू दिलं, तर ३ सेकंद पुढे. अँप्लिट्यूड चांगला, म्हणजे तेल आणि बॅलन्स ठीक. मुलाचा चेहरा मात्र पडला. "एकवीस सेकंद? नवीन असून?" कंपनीच स्वतः दिवसाला उणे २० ते अधिक ४० सांगते. सेलच्या मशीनला महिन्याला वीस सेकंदांची सूट असते, याला दिवसाला.

आतला चाल कमी-जास्त करायचा लिव्हर किंचित सरकवून मी सगळे आकडे दहाएक सेकंदांनी खाली आणू शकतो: २१ चे ११ होतील, ३ चे उणे ७. पण दोन स्थितींमधलं १८ सेकंदांचं अंतर तसंच राहतं. 'एका सेकंदात आणून देतो' म्हणणारे फक्त डायल वर ठेवून आकडा दाखवतात. हातातलं घड्याळ दिवसभर डायल वर करून कोण बसतं?

सेलचं घड्याळ बिनखर्चाचं असतं असंही नाही. त्याला ६२६ नंबरचा सिल्व्हर ऑक्साइड सेल लागतो, साधारण तीन वर्षं जातो. पाच-दहा रुपये वाचवायला काही जण त्यात अल्कलाइन सेल घालतात. तो गळला की सेलला टेकणाऱ्या पट्टीवर पांढरट-हिरवा थर चढतो. नाहीतर घाईत चिमटा कॉइलला लागतो आणि केसाहून बारीक तार तुटते. पाठ बंद करताना रबरी रिंग कुणी तपासत नाही, मग पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरते. असली घड्याळं महिन्याभरात माझ्या टेबलावर येतात आणि लोक नावं ठेवतात घड्याळाला.

पण एवढं होऊनही २०३५ चं अख्खं मशीन बदललं तर माझ्याकडे मजुरीसह सातशेत काम होतं. ऑटोमॅटिकची सर्व्हिसिंग, म्हणजे सगळं सोडवून, धुऊन, नव्याने तेल देऊन जोडणं, अठराशे. पाच-सहा वर्षांनी ती लागते. दहा-बारा वर्षांत दोनदा धरली तर पावणेनऊचं घड्याळ सव्वाबाराच्या वर जातं. मी त्याला सेलचं ठेव म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ऑटोमॅटिकची सर्व्हिसिंगच केली नाही आणि बिघडल्यावर मशीनच नवं टाकलं तर?"

खरं ते सांगावं लागलं: एनएच३५ सुटं मिळतं, आणि दोन सर्व्हिसिंगच्या पैशांत ते मजुरीसह बसवून होतं. धंद्यातले बरेच जण तेच करतात. त्यात कसब फक्त काटे न ओरखडता काढण्या-बसवण्याचं. पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत राहतं म्हणून लोक चावीचं घड्याळ घेतात, आणि या किमतीत तेही सेलच्या घड्याळासारखंच, मशीन काढा नि मशीन घाला. हे मला माहीत होतं, पण गिऱ्हाइकासमोर असं मांडून कधी बघितलं नव्हतं.

त्याने ऑटोमॅटिक ठेवलं. परत पाठवायची मुदत संपेपर्यंत पाठ उघडायची नाही, तोवर रोज सकाळी मोबाईलच्या वेळेशी फरक लिहून ठेवायचा, असं सांगितलं. रात्री डायल वर न ठेवता बटण खाली करून उभं ठेवून बघ, म्हटलं; तेवढ्यानेही आकडा कमी होईल. लिव्हरला हात लावायचा की नाही, हे ती वही बघून ठरवू.