मॅडमच्या निरोप समारंभातलं माझं भाषण

आमच्या तहसीलदार मॅडमची बदली झाली आणि निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी नायब तहसीलदार साहेबांनी फोन करून सांगितलं, तलाठ्यांच्या वतीने तू दोन शब्द बोलायचे. सगळ्यात ज्युनिअर मी. आमच्याकडे निरोपाची भाषणं ठरलेली असतात, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, अभ्यासू, आणि शेवटी ‘असा अधिकारी पुन्हा होणे नाही’. हे शेवटचं वाक्य तर बोलूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण चार्ज घेतलेले नवीन साहेब शेजारच्याच खुर्चीत बसलेले असतात आणि उद्यापासून आपल्याला त्यांच्यासोबत काम करायचं असतं. म्हणून विशेषणं बाजूला ठेवली आणि एकच केस सांगायची ठरवली, उसाच्या रस्त्याची. गावाचं आणि पार्ट्यांचं नाव घ्यायचं नाही, माणसं तीच आहेत, रोज एकमेकांच्या बांधावर भेटतात.

सुरुवात जरा हलकी केली. म्हटलं, ‘‘मॅडम, बाकी ऑफिसात नमस्कार केला की नमस्कार मिळतो, आपल्याकडे नमस्कार केला की गट नंबर विचारला जायचा. आमच्यातल्या काहींना स्वतःच्या मुलाची जन्मतारीख आठवत नाही पण सज्जातले गट नंबर पाठ झालेत.’’ मॅडम हसल्या, मग सगळेच हसले. पुढे फाईलवरच्या ‘चर्चा करावी’ या शेऱ्याबद्दल बोललो. महसूलमधल्या माणसाला हा शेरा म्हणजे काय ते माहीत आहे, फाईल कपाटात गेली आणि पार्टी चकरा मारायला लागली. मॅडमनी हा शेरा मारला की संध्याकाळी सहाला खरंच चर्चेला बोलवायच्या, त्यामुळे आम्ही तो शेरा येऊच नये म्हणून फाईल पूर्ण करून पाठवायला लागलो.

मग केस. एका शेतकऱ्याचा ऊस तोडणीला आलेला, आणि शेजाऱ्याने वाटेत जेसीबीने चर मारून ठेवलेला. टोळी यायची तर आधी ट्रॅक्टर आत जायला पाहिजे, कारण तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो आणि वजन घटतं. त्याच्या वकिलाने अर्ज केलेला जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली, म्हणजे दुसऱ्याच्या बांधावरून नवीन वाट द्या असा. समोरचा म्हणत होता इथं वाट कधी नव्हतीच. गाव नकाशात बघितलं तर गाडीवाटेची दुहेरी तुटक रेषही नाही. कागदावर तो बरोबर वाटत होता.

मॅडम स्वतः स्थळपाहणीला आल्या, भर दुपारी, दोन्ही पार्ट्यांना सोबत घेऊन अख्खा बांध चालल्या. आमचे कोतवाल मामा एका जुन्या बाभळीपाशी थांबले. बुंध्याला गुडघ्याच्या जरा वर एका उंचीवर साल झिजून गुळगुळीत झालेली, तेवढ्याच पट्ट्यात. मामा म्हणाले, ‘‘मॅडम, हे बैलगाडीच्या आखानं घासलंय, एका दिवसात होत नाही.’’ पंचनाम्यात मी ते तसंच लिहिलं, फोटो जोडला, आसपासच्या वयस्कर खातेदारांचे जबाब घेतले. आता प्रश्न नवीन वाटेचा राहिलाच नव्हता, असलेली वाट अडवली होती, आणि त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आहे. त्याची मुदत अडवल्यापासून सहा महिने, ती संपत आलेली. मॅडमनी तिथंच दोघांनाही दोन्ही कलमांतला फरक समजावून सांगितला. दावा मुदतीत दाखल झाला, सुनावणी झाली, अडथळा काढायचा आदेश झाला, ऊस कारखान्याला गेला. चुकीच्या कलमाखाली आलेले असे कितीतरी अर्ज जागेवर कोणी न जाता फेटाळले जातात, आणि तोवर मुदत गेलेली असते. मला याचा फार राग येतो.

भाषणात मी मामांना उभं राहायला सांगितलं. सभागृहात सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या आणि मॅडमही टाळ्या वाजवत होत्या. शेवटी एवढंच म्हटलं, ‘‘मॅडम, तुमच्यामुळे मला पंचनामा खुर्चीत बसून लिहायची सवय लागली नाही, नवीन ठिकाणी आमच्यासारखी पोरं असतील, त्यांनाही उन्हात न्या. आणि साहेब, आम्ही तुमच्यासोबतही यायला तयार आहोत.’’ नवीन साहेबांनी हसून मान डोलावली.

मॅडम उत्तराला उठल्या. आभार वगैरे मानले, आणि मग माझ्याकडे बघून माइकवरच विचारलं, ‘‘त्या रस्त्याची सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद झाली का?’’ सभागृह हसलं. मी उभा राहून सांगितलं की फेरफार घेतलाय, मंडळ अधिकारी साहेबांकडे प्रमाणित व्हायचा आहे. मंडळ अधिकारी माझ्याच रांगेत बसलेले होते. मॅडम म्हणाल्या, ‘‘आदेश झाला म्हणून रस्ता राहत नाही. उद्या जमीन विकली गेली की घेणारा सातबारा बघतो, आदेश बघत नाही.’’

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. माझ्या सज्जात जुने रस्त्याचे आदेश किती असतील ज्यांची नोंदच कधी झाली नाही? रेकॉर्ड रूममधून मामलेदार न्यायालयाच्या निकालांचे जुने गठ्ठे काढून बघायला सुरुवात केलीय, कोतवाल मामा सोबत आहेत. त्या केसचा फेरफार मात्र दुसऱ्याच दिवशी प्रमाणित झाला, आणि नवीन सातबारा मी मॅडमना व्हॉट्सअॅपवर पाठवला. उत्तर आलं, ‘‘शेजारच्या गटावर पण चढवला का?’’ चढवला होता.