दोघी मैत्रिणी राहतात

तुम्ही विचारलंत म्हणून: “पुरुषांमध्ये समलिंगी प्रेम असतं हे माहीत आहे. पण बायकांमध्ये खरंच असतं का? आम्हाला तर आजवर एकही दिसली नाही.”

दिसली असणार. तिच्या घरून तुम्ही वाटीभर विरजण नेलं असेल, गावाला जाताना तिच्याकडे किल्ली ठेवली असेल. मी आणि माझी जोडीदार २००८ पासून ठाण्यात एकाच घरात राहतो. खालच्या मजल्यावरच्या काकू कोणालाही आमची ओळख करून देताना म्हणतात, “या दोघी मैत्रिणी राहतात. एकमेकींना सोबत.” त्या हे फार मायेने म्हणतात. त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही, म्हणून ते खोडताही येत नाही.

मुलगी “माझा मित्र येणार आहे” म्हणाली की आई हातातलं काम थांबवते. “माझी मैत्रीण येणार आहे” म्हणाली की आई एक भाकरी जास्त थापते. मुलींनी गळ्यात गळे घालावेत, एका अंथरुणावर झोपावं, एकमेकींच्या वेण्या घालाव्यात, यात आपल्याकडे कोणालाच काही वावगं वाटत नाही. दोन पुरुष वर्षानुवर्षं एकत्र राहिले तर कधी ना कधी कुजबुज सुरू होते. दोन बायकांसाठी मात्र उत्तरं आधीच तयार असतात: मैत्रिणी, रूममेट, मावसबहिणी. समोरच्याला आपण सगळं समजून घेतलं असं वाटतं आणि त्याची नजर पुढे सरकते.

याचा आम्हाला उपयोगही झाला, हे मी लपवणार नाही. भाड्याचं घर शोधताना “दोघी नोकरीवाल्या, शांत” म्हणून घरमालकाने पहिल्याच भेटीत होकार दिला. पण या सोयीची किंमत मी त्याच्या कितीतरी आधी मोजली होती.

१९९७ साली मी सांगलीत होस्टेलवर होते, वीस वर्षांची. खोलीतल्या मुलीवर माझं प्रेम होतं आणि तिचं माझ्यावर. आमच्यात जे होतं त्याला आम्ही दोघींनी कधी नाव दिलं नाही, कारण आम्हाला नावच माहीत नव्हतं. दोन वर्षांनी तिचं लग्न ठरलं. तिला सख्खी बहीण नव्हती, म्हणून करवली मी झाले. हातात करा घेऊन तिच्या मागे उभी राहिले. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, त्यातल्या काही माझ्याही केसांत अडकल्या. पाठवणीच्या वेळी मला रडू आवरेना, तेव्हा तिच्या आईने मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, “बाळा, मैत्रीण सासरी गेली की असंच होतं. तुझंही होईल लवकर.”

एखाद्या मुलाचं प्रेम तुटलं असतं तर त्याला निदान कोणीतरी चहाच्या टपरीवर नेऊन बसवलं असतं. वडिलांनी आरडाओरडा केला असता, तर त्या रागातूनही प्रेम झालं होतं हे सिद्ध झालं असतं. माझ्यावर कोणी रागावलंसुद्धा नाही. मी परीक्षेला बसले, पास झाले, नोकरीला लागले. आणि तीन-चार वर्षांनी माझ्या मनात एक शंका शिरली: हे खरंच घडलं होतं का? की एका साध्या मैत्रीवर मीच काहीबाही रचलं? तिने एका पत्रात लिहिलं होतं, “होस्टेलचे दिवस किती मजेचे होते ना!” ते वाचून मला वाटलं, तिच्या लेखी तरी काही घडलेलं दिसत नाही. साक्षीदार नाही, वस्तू नाही, शब्द नाही. मग आठवणीवर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? लग्नात माणसं बोलावतात ती जेवायला घालण्यापुरती नाही. उद्या कोणी विचारलं तर “हो, आम्ही होतो तिथे” असं म्हणणारी दोनशे माणसं लागतात. माझ्याकडे एकही नव्हतं, आणि जी एक होती ती विसरली होती, किंवा विसरल्यासारखं करत होती.

त्याच काळात एका वाचनालयात मला तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ सापडलं. १९८१ साली रंगमंचावर आलेलं नाटक, त्यातली सुमित्रा देव मुलीवर प्रेम करते. मी ते उभ्याने वाचून काढलं. मराठीत माझ्यासारखी कोणी आहे हे पहिल्यांदा छापलेलं दिसलं. पण तिची गोष्ट सांगतो तिचा मित्र बापू, आणि शेवटी ती जीव देते. त्या नाटकाबद्दल मला कृतज्ञता आहे. तरी त्या दुपारी मी पुस्तक परत ठेवलं ते घाबरूनच.

तुम्ही म्हणता “पुरुषांमध्ये असतं हे माहीत आहे”. ते का माहीत आहे याचा मी पुढे बराच विचार केला. कायद्याने पुरुषांचा छळ केला, पण छळ करण्यासाठी आधी ते आहेत हे मानावं लागलं. आमच्याबाबतीत तेवढंही झालं नाही. इंग्लंडमध्ये १९२१ साली स्त्रियांमधले संबंधही गुन्हा ठरवावेत असं कलम हाउस ऑफ कॉमन्सने मंजूर केलं. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळलं. स्त्रियांविषयी दया हे त्याचं कारण नव्हतं. लॉर्ड चॅन्सेलर बर्कनहेड यांचं म्हणणं असं की, हजारातल्या ९९९ बायकांनी या गोष्टीची कुजबुजही ऐकलेली नाही, मग कायदा करून ती त्यांच्या कानावर का घालायची? आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलमही इंग्रजांचंच, १८६० च्या दंडसंहितेतलं. त्यात स्त्रीचा उल्लेख होता, पण संबंध कशाला म्हणायचं याचं स्पष्टीकरण पुरुषाच्या शरीरावरून बेतलेलं होतं. पुरुष नाही तर काही घडतच नाही, हा समज त्यात गृहीत होता.

मग मोजणीचं पाहा. ३७७ चा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असताना, २०१२ साली, सरकारने २५ लाख हा आकडा दिला. वर्तमानपत्रांत तो देशातल्या समलिंगींची संख्या म्हणून छापून आला. तो आला होता एचआयव्ही नियंत्रणाच्या कामातून, आणि त्यात मोजले होते पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. त्या कार्यक्रमामुळे पुरुषांसाठी दवाखाने, समुपदेशक, भेटण्याच्या जागा उभ्या राहिल्या. आजारामुळे ओळख मिळणं यात हेवा करण्यासारखं काही नाही, कितीतरी जण त्यात गेले. पण स्त्रियांमध्ये त्या लागणीचा धोका फारच कमी, म्हणून आमचा रकानाच नव्हता. २०१३ च्या निकालात न्यायालयाने या समाजाला लोकसंख्येचा अगदी नगण्य भाग म्हटलं. मी त्या नगण्यातही मोजलेली नव्हते.

रकाना नसला की काय होतं, हे मला २०१९ मध्ये डोळ्यांसमोर दिसलं. माझ्या जोडीदाराला दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव व्हायला लागला. तेव्हा ती ४३ वर्षांची होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “लग्न झालंय?” ती म्हणाली, “नाही.” आपल्याकडे दवाखान्यात या प्रश्नाचा अर्थ ‘शरीरसंबंध येतात का’ असा असतो, आणि “नाही” म्हटलं की पुढच्या तपासण्या बदलतात. अविवाहित बाईची सोनोग्राफी सहसा पोटावरूनच होते, योनिमार्गातून करत नाहीत. तिलाही लिटरभर पाणी पाजून पोटावरून केली. गर्भाशयात चार सेंटिमीटरची गाठ दिसली, दुखणं तिच्यामुळेच असेल म्हणून गोळ्या दिल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीच्या तपासणीचं, पॅप स्मीअरचं मी विचारलं, तर “यांना त्याची गरज नाही” असं उत्तर आलं. या कर्करोगामागचा एचपीव्ही विषाणू त्वचेच्या संपर्काने, हातांनीही जातो, दोन स्त्रियांमध्येही जातो. शिवाय पूर्वी कधी पुरुषाशी संबंध आलेच नसतील, हे तरी लग्नावरून कसं कळणार? हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्या खोलीत मी कोण म्हणून बोलले असते?

चार महिने रक्तस्राव थांबला नाही. मग दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं आणि साध्या आवाजात विचारलं, “शरीरसंबंध येतात का? पुरुषाशी की स्त्रीशी?” एवढंच. माझ्या जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हिच्याशी.” डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, तिची परवानगी घेऊन आतून सोनोग्राफी केली, आणि गर्भाशयाच्या अस्तराला धरून असलेला पॉलिप सापडला. पोटावरून तो निसटला होता. पॅप स्मीअरही तेव्हाच घेतली. रिक्षात ती रडायला लागली. मला वाटलं, घाबरली. ती म्हणाली, “त्यांनी कागदावर लिहिलं गं.”

पॉलिप काढायला दाखल केलं त्या दिवशी फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ होतं. मी ‘मैत्रीण’ लिहिलं. खिडकीतून विचारणा झाली, “घरचं कोणी नाही का?” शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाची स्वतःची सही संमतीसाठी पुरते. नातेवाइकाची सही ही बहुतेक ठिकाणी रुग्णालयाची रीत असते. हे मी नंतर शिकले. तेव्हा कोल्हापुरातून तिच्या भावाला बोलावलं. तो रात्रभर प्रवास करून आला, सही केली आणि दुपारच्या गाडीने परत गेला. भला माणूस आहे. पण तिला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे त्याने मलाच विचारलं, आणि ते त्याने डॉक्टरांना सांगितलं.

त्या रात्री खाटेजवळच्या स्टुलावर बसून मला पुन्हा तीच जुनी शंका आली. ही उद्या उठलीच नाही, तर आपण अकरा वर्षं एकत्र होतो हे सांगायला माझ्याकडे काय आहे? काकू म्हणतील, “बिचारीची मैत्रीण गेली.”

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क दिला नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केलं की, आमच्यासारख्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. बंदी आधीही नव्हती, फक्त कोणी तसं म्हटलं नव्हतं. दिवाळीनंतर आम्ही बँकेत गेलो. नॉमिनीच्या फॉर्मवर एक ओळ असते: ठेवीदाराशी नाते, असल्यास. तिने पेन घेतलं आणि ‘जोडीदार’ लिहिलं.

काउंटरवरच्या मुलीने वाचलं. “म्हणजे धंद्यात?”

“नाही,” ती म्हणाली. “घरात.”

मुलीने आमच्याकडे पाहिलं. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. मग शिक्का मारला, पोचपावती फाडून दिली आणि म्हणाली, “इथे दोघींची सही करा, मॅडम.”