वीसपैकी दहा फिन्स काढल्या: पंख्याविना हीट सिंकचा माझा अनुभव

सोलापुरातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये बसवायचा एक छोटा मोटर ड्रायव्हर बोर्ड होता. बोर्डावर सहा मॉसफेट, प्रत्येकात सरासरी दीड वॅट उष्णता, म्हणजे एकूण 9 वॅट. पंखा लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. टॉवेल-चादरीच्या शेडमध्ये हवेत कापसाचे तंतू इतके असतात की छोटा पंखा लवकरच गुरगुरायला लागतो आणि मग अडकतो. त्यामुळे हीट सिंक हीच डब्याची मागची भिंत करायची, फिन्स बाहेर आणि उभ्या ठेवायच्या, मॉसफेट आतून तिच्यावर कसायचे, असा बेत केला.

मे महिन्यात पत्र्याखाली 45 अंश धरले. हीट सिंकचा बेस 75 च्या वर जाऊ द्यायचा नव्हता, कारण शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचं आयुष्य डब्यातल्या उष्णतेवर ठरतं. म्हणजे हवेपेक्षा 30 अंशांची मुभा. जागा 100 मिमी रुंद आणि 75 मिमी उंच. फिन्स 25 मिमी बाहेर येतील एवढीच मोकळीक होती.

बाजारात तयार प्रोफाइल मिळालं: 100 मिमी रुंदीत दीड मिमी जाडीच्या 20 फिन्स, मधली फट साधारण 3.7 मिमी, बेस 5 मिमी. 75 मिमीचा तुकडा कापून काळं अ‍ॅनोडाइझ करून घेतला. पृष्ठभाग भरपूर, त्यामुळे काम होईल असं वाटतं. 9 वॅट देऊन मोजलं तर बेस खोलीच्या हवेपेक्षा 37 अंश वर गेला. मे महिन्यात तो 82 झाला असता.

कारण फटीत आहे. उभ्या फिनच्या अंगाला चिकटून गरम हवेचा एक थर खालून वर चढतो आणि चढता चढता जाड होत जातो. फट अरुंद असली की समोरासमोरच्या दोन फिन्सचे थर खालीच एकमेकांना भिडतात. मग फटीतली हवा जवळजवळ फिनइतकीच गरम होते, घर्षणामुळे सावकाश सरकते, आणि पृष्ठभाग कितीही असला तरी तो उष्णता देणार कोणाला? फट फार मोठी केली तर थर भिडत नाहीत, पण फिन्सची संख्या घटते. या दोन्हींच्या मधली योग्य फट समतापी उभ्या पट्ट्यांसाठी अशी काढतात:

```
Ra = g·β·ΔT·L³ / (ν·α)
S  = 2.714 · L / Ra^(1/4)
```

g म्हणजे गुरुत्वत्वरण, ΔT म्हणजे फिन आणि हवेच्या तापमानातला फरक, इथे 30 अंश, आणि L म्हणजे फिनची उभी लांबी, इथे 0.075 मी. β म्हणजे एक भागिले हवेचं सरासरी केल्विन तापमान, आणि हवेची गतिज श्यानता ν व उष्णता-विसरणशीलता α त्याच सरासरी तापमानाच्या घ्यायच्या, इथे 60 अंशांच्या. Ra सुमारे 7 लाख येतो आणि S येतो 7 मिमी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. हवा थोडी विरळ असल्याने उत्तर 7.2 च्या जवळ जातं. एवढ्यासाठी झोप उडवायची गरज नाही.

सूत्रातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. S हा L च्या फक्त चतुर्थ मूळाने वाढतो. फिनची लांबी दुप्पट, म्हणजे 150 मिमी केली तरी फट 7 ची साडेआठच्या आत राहते. त्यामुळे लहान बोर्डांच्या हीट सिंकसाठी उत्तर बहुधा 6 ते 9 मिमीत येतं, आणि बाजारातली 2-3 मिमी फटीची प्रोफाइल्स पंख्याच्या कामाची असतात.

पण नेमक्या 7 मिमीवरच अडून बसायचं का, हे पाहायला त्याच 100 मिमी रुंदीत, दीड मिमी जाडीच्या फिन्स आणि 30 अंशांचा फरक धरून, नुसत्या हवेने किती उष्णता जाते ते काढलं. 20 फिन्स असताना सुमारे 2.9 वॅट. 16 फिन्स, फट 5 मिमी: साडेपाच. 12 फिन्स, फट साडेसात: 8.2. 10 फिन्स, फट 9.4: 8.0. 8 फिन्स, फट साडेबारा: 6.9. म्हणजे फट कमी करण्याच्या बाजूला कडा आहे आणि वाढवण्याच्या बाजूला हलका उतार. चूक करायचीच तर फट मोठी ठेवण्याची करावी. शिवाय तंतूंच्या शेडमध्ये साडेसातपेक्षा नऊची फट सावकाश तुंबते, म्हणून मी 10 फिन्स पक्क्या केल्या.

नवीन प्रोफाइल शोधण्याऐवजी त्याच तुकड्यातली एक सोडून एक फिन मिलिंगने मुळापासून काढून घेतली. उरलेल्या दहांमध्ये 8.9 मिमीची फट झाली. मिलिंगवाल्याने दोनदा विचारून घेतलं, की नक्की काढायच्या ना? उघड्या पडलेल्या जागा पुन्हा काळ्या करून तेच 9 वॅट दिले. वाढ 37 वरून 26 वर आली. अर्ध्या फिन्स गेल्या आणि हीट सिंक 11 अंशांनी गार झाला.

काळा रंग शोभेचा नाही. नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या हीट सिंकमध्ये प्रारणाचा वाटा मोठा असतो. इथे बाहेरच्या आकारावरून 30 अंशांना तीन वॅटच्या थोडं वर निघतो. चकचकीत अ‍ॅल्युमिनियममध्ये तो अर्ध्या वॅटच्याही आत येतो आणि बेस सहा-सात अंश जास्त तापतो.

जाडीचं कोडं त्यामानाने सोपं निघालं. 25 मिमी बाहेर आलेल्या, दीड मिमी जाड फिनची कार्यक्षमता 99 टक्क्यांच्या वर येते, म्हणजे टोक जवळजवळ बेसइतकंच गरम राहतं. उष्णतेच्या हिशेबाने 0.8 मिमीही पुरली असती, पण ती हाताळताना वाकते आणि एक्सट्रुजनमध्ये काढायला अवघड जाते. 3 मिमी केली असती तर कार्यक्षमतेत काही टक्केही मिळाले नसते. वजन तेवढं वाढलं असतं आणि फटींची जागा खाल्ली गेली असती. दीडवर थांबलो.

मोजताना दोन चुका सहज होतात. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन धरली की ती तापमान बरंच कमी दाखवते. काळी टेप चिकटवून त्यावर धरावी किंवा बेसला थर्मोकपल लावावा. दुसरी चूक घाईची. हा 170-180 ग्रॅमचा तुकडा स्थिरावायला पाऊण तास घेतो, दहा मिनिटांत घेतलेला आकडा फसवा असतो.

बसवताना फिन्स उभ्याच हव्यात. डबा आडवा फिरवला की प्रत्येक फिन वर चढणाऱ्या हवेला आडवी येते. वर आणि खाली 40 मिमी मोकळी जागा सोडली. मॉसफेटचा धातूचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो, म्हणून प्रत्येकाखाली इन्सुलेशन पॅड आणि स्क्रूला बुश लागतंच. अ‍ॅनोडाइझिंगच्या थरावर भरवसा ठेवू नये, एक ओरखडा पडला की शॉर्ट. पॅडमुळे मॉसफेटच्या आतलं जंक्शन बेसपेक्षा तीनेक अंश वर राहतं, दीड वॅटला तेवढं चालतं.

तंतू आधी फटींच्या खालच्या तोंडाशी जाळीसारखे साचतात. वरून पाहिलं तर फिन्स स्वच्छ दिसतात, म्हणून बोट खालून फिरवून पाहावं. कोरडा ब्रश खालून वर ओढला की जाळी पापुद्र्यासारखी एका तुकड्यात सुटून येते.