फ्रीझर कुणाचं आणि दुकान कुणाचं?

एप्रिलमध्ये लातूरच्या माझ्या ऑफिसात एक आइस्क्रीमवाले आले. चाकूर-अहमदपूर पट्ट्यात त्यांचा माल चालतो, स्वतःचा छोटा कारखाना आहे, दूध परिसरातलंच. त्यांच्या हातात एका मोठ्या कंपनीच्या फ्रीझर-कराराची झेरॉक्स होती. "वकीलसाहेब, दुकानदार म्हणतेत तुमचा माल ठेवला की आमचं फ्रीझर उचलून नेतेत. हे चालतंय का?"

आमच्या बारमधल्या निम्म्या लोकांनी लगेच करार कायद्याचं कलम 27 काढलं असतं: धंद्यावर बंधन, म्हणून करार रद्द. ते इथं चालत नाही. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या 1995 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की करार चालू असेपर्यंतची 'दुसऱ्याचा माल घेणार नाही' ही अट सहसा त्या कलमात बसत नाही. खरा कायदा म्हणजे 2002 चा स्पर्धा कायदा, कलम 3(4). तिथंही अशी अट आपोआप बेकायदा ठरत नाही. तिच्यामुळे बाजारातल्या स्पर्धेला लक्षणीय धक्का बसतो हे दाखवावं लागतं. कलम 19(3) मध्ये एका पारड्यात नव्या धंदेवाल्याची अडवणूक, तर दुसऱ्यात ग्राहकाचा फायदा आणि वितरणातली सुधारणा, असा हिशेब आहे. म्हणजे कागद वाचून भागत नाही, दुकानं बघावी लागतात. मी त्यांच्या माल टाकायच्या गाडीत बसून निघालो.

करारात दोन अटी होत्या. एक, या फ्रीझरमध्ये फक्त आमचा माल. दोन, दुकानात दुसऱ्या आइस्क्रीमचं फ्रीझर ठेवायचं नाही. मुदत 3 वर्षं, मध्येच सोडलं तर डिपॉझिट कापणार.

पहिली अट मला रस्त्यातच पटली. एका दुकानात आमच्या अशिलाचंच फ्रीझर होतं. झाकण उघडलं तर वर कप, खाली दुधाच्या पिशव्या, कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या. बाहेर 40 च्या पुढं पारा, आणि त्या गरम बाटल्या थंड होताना शेजारचा माल मऊ पडतो. रात्री तो पुन्हा घट्ट होतो, पण आतले बर्फाचे कण मोठे होतात. ओळखायला सोपं: झाकणाच्या आतल्या बाजूला जाड हिम, आइस्क्रीम कपाच्या कडेपासून सुटलेलं, जिभेवर रवाळ. माल उणे 18 अंशांवर राहायला हवा. गिऱ्हाईक मात्र नावं ठेवतं ती कंपनीला. शिवाय पंचवीस-तीस हजारांचं फ्रीझर एकानं द्यायचं आणि त्यात सगळ्यांनी माल भरायचा, असं झालं तर उद्या कुणी फ्रीझर देणारच नाही. एका म्हाताऱ्या दुकानदारानं सांगितलं, "कंपनीनं डबा दिला नसता तर माझ्या गावात आइस्क्रीम आलंच नसतं. स्वतः घ्यायची ऐपत कुठं होती?" अशा गावात अटीनं गिऱ्हाइकाचा फायदाच केलाय, आणि अशिलाला ते ऐकायला आवडलं नाही.

दुसरी अट मात्र वेगळी. आम्ही पाहिलेल्या 31 दुकानांपैकी 14 चाकूर-अहमदपूरच्या बाजारपेठेतली. त्यांतल्या 9 ठिकाणी दोन-दोन कंपन्यांची फ्रीझरं शेजारी शेजारी उभी. तिथं अट कागदावरच होती. कंपनीचा माणूसही डोळेझाक करतो, कारण चांगला गल्ला असलेल्या दुकानदाराला दुखवून त्यालाच टार्गेट गाठायचं असतं. उरलेली 17 खेड्यांतली. त्यांतल्या 13 मध्ये एकच फ्रीझर आणि एकच कंपनी, आणि बऱ्याच गावांत आइस्क्रीमचं दुकानही एकच. तिथं दुसरी अट नसती तरी फरक पडला नसता. दहा बाय दहाची खोली, एक प्लग, लाइटबिल दुकानदाराच्या अंगावर. "दुसरं कुठं ठेवू, डोक्यावर?" असं एकानं विचारलं, ते अशिलाला उद्देशून होतं, पण उत्तर मला मिळालं.

युरोपात हाच मुद्दा आयर्लंडच्या आइस्क्रीमवरून गाजला होता. युनिलिव्हरच्या आयरिश कंपनीची अट फक्त फ्रीझरपुरतीच होती, दुकानापुरती नव्हती. तरी युरोपीय आयोगानं 1998 मध्ये तिच्या विरोधात निर्णय दिला, आणि 2003 मध्ये तिथल्या न्यायालयानं तो कायम ठेवला, कारण सुमारे 40 टक्के दुकानांत त्यांचंच फ्रीझर होतं, आणि जागेअभावी दुसरं येत नव्हतं. कागदावर दुकानदार मोकळा, प्रत्यक्षात बांधलेला. आमच्या पट्ट्यात हे प्रमाण 31 पैकी 13. पण विक्री पाहिली तर बहुतेक माल बाजारपेठेत खपतो. दिल्लीचा स्पर्धा आयोग एका रस्त्याला बाजार मानेल का? मला वाटतं, नाही. तो जिल्ह्याचा किंवा राज्याचा हिस्सा विचारणार. त्या गावातल्या पोराला राज्यातल्या दुकानांशी काय देणं, हे आयोगाला कोण सांगणार!

त्या पोराला काय मिळतं ते मी पाहिलं. खेड्यातल्या डब्यात बहुतेक 'फ्रोझन डेझर्ट' होतं, म्हणजे दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाची चरबी असलेलं. आइस्क्रीम म्हणायला नियमानं किमान 10 टक्के दुधाची चरबी लागते. अशिलाच्या कपात ती आहे, किंमतही तीच, 10 रुपये. पण तो कप त्या गावात पोचतच नाही. शेजारच्या गावात दोन्ही मिळतात, तिथं बाया दुधाचा कप मागून घेतात. बंद गावात निवडायला दुसरं काही नाही. 'कूलिंगचे 2 रुपये' वरून घेतात तेही बघितलं, पण ते मी टिपणात घेतलं नाही. तो रोग शीतपेयांपासून सगळीकडे आहे, फ्रीझरच्या अटीवर ढकलता येत नाही.

गाडीत परतताना मी अशिलाच्या स्वतःच्या फ्रीझरचा करार मागितला. त्यात दुसरी अट शब्दशः तीच निघाली. "सगळेच लिहितेत हो," म्हणाले. आणि त्यांच्याबाबतीत ती फारशी नुकसानकारक नाही, कारण त्यांची फ्रीझरं थोडी आणि विखुरलेली. अट एकच, परिणाम वेगळा. लिहिणारा किती दुकानं व्यापतो आणि दुकानदाराला सुटायची वाट किती सोपी, त्यावर सगळं ठरतं. हे अशिलाला समजवायला गाडी लातूरला पोचेपर्यंत वेळ गेला. त्यांच्या पोराला तरीही वाटत होतं की मी कंपनीच्या बाजूचा आहे.

मी त्यांच्या करारातली दुसरी अट काढली, मुदत 1 वर्ष केली आणि 13 गावांसाठी 100 लिटरचं छोटं फ्रीझर सुचवलं, काउंटरखाली बसणारं. 5 गावांत ते बसलं. त्यांतल्या दोन दुकानदारांना कंपनीच्या माणसानं भर मे महिन्यात 'डबा उचलतो' म्हणून फोन केला. माझ्यासाठी करारापेक्षा हा फोन महत्त्वाचा. धंद्याच्या ऐन महिन्यात अशी धमकी येत असेल तर दुकानदार मोकळा आहे असं म्हणताच येत नाही. स्पर्धा आयोगाकडे 'माहिती', म्हणजे तक्रार, दाखल करायला 3 वर्षांची मुदत आहे. दोघांनाही प्रतिज्ञापत्र मागितलं. एकानं विचारून सांगतो म्हटलं, दुसऱ्यानं मला दोन कुल्फ्या दिल्या आणि विषय बदलला.